अपग्रेडची वेटलिस्ट आणि स्टँडबाय: दोन रांगांमधला फरक

विमानतळावर गेटजवळच्या पडद्यावर अनेकदा दोन याद्या शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत नावाची मोजकी अक्षरं आणि पुढे क्रमांक, त्यामुळे लोक त्या एकच समजतात. पण अपग्रेडच्या यादीतल्या प्रवाशाची या विमानातली जागा पक्की असते, त्याला फक्त वरचा वर्ग हवा असतो. स्टँडबायवाल्याला या विमानात अजून जागाच मिळालेली नसते.

तरीही या रांगा एकमेकींत गुंतलेल्या असतात. समजा, उड्डाणाला 40 मिनिटं आहेत. बिझनेसमध्ये 2 जागा रिकाम्या, इकॉनॉमी पूर्ण भरलेली आणि स्टँडबायवर 3 जण. अपग्रेडच्या यादीतले पहिले दोघे वर गेले की इकॉनॉमीत 2 जागा मोकळ्या होतात आणि स्टँडबायचे पहिले दोघे आत जातात. तिसऱ्याची मदार उरते ती न आलेल्या प्रवाशांवर, आणि ते कोण हे गेट बंद व्हायच्या सुमारालाच कळतं. म्हणून स्टँडबायवर असाल तर अपग्रेडची यादीही बघा. मात्र सीट निवडायच्या नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या जागांवर भिस्त ठेवू नका. तिकीट काढूनही सीट न निवडलेले प्रवासी त्यात दिसत नाहीत.

अपग्रेडचा क्रम बहुतेक कंपन्यांत आधी नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेतल्या सदस्यत्वाच्या दर्जावर, मग तिकिटाच्या भाडेवर्गावर आणि शेवटी विनंतीच्या वेळेवर ठरतो. नंबर स्थिर नसतो: वरच्या दर्जाचा कुणी ऐनवेळी यादीत आला की तुम्ही खाली सरकता. इथे गेटवर आर्जवं करून फारसं काही साधत नाही, जे करायचं ते बुकिंगच्या वेळीच. दोघं एकाच पीएनआरवर असाल आणि जागा एकच उरली, तर यंत्रणा बऱ्याचदा तुम्हाला ओलांडून पुढच्या एकट्या प्रवाशाला ती देते. वेगवेगळं बसायला तयार असाल तर पीएनआर आधीच वेगळे करून घ्या. पण मग विमान चुकलं किंवा रद्द झालं तर दोघांची सोय एकत्र होईलच असं नाही, आणि मूल सोबत असेल तर मी हे मुळीच सुचवणार नाही.

स्टँडबायमध्ये आधी पाहिलं जातं ते कारण. कंपनीमुळे ज्यांचं विमान हुकलं ते सहसा वर, मग दर्जानुसार आपणहून लवकर निघू पाहणारे, आणि सवलतीच्या पासवर फिरणारे कर्मचारी तळाशी. म्हणून आधीच्या विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचं हुकलं असेल, तर काउंटरवर तसं स्पष्ट सांगा आणि नोंद त्याच कारणाने झाली का, हे विचारून घ्या. नाव पुकारतील तेव्हा गेटपाशीच थांबा. हाक मारल्यावर तुम्ही दिसला नाहीत तर जागा पुढच्याला जाते. जमलं तर फक्त हातातलं सामान ठेवा, कारण चेक-इन केलेली बॅग मूळ विमानानेच मागून येऊ शकते.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. स्टँडबायने विमान बदललं की जुन्या विमानावरची अपग्रेडची विनंती आपोआप सोबत येईलच असं नाही. नवा बोर्डिंग पास हातात पडताच ती पुन्हा नोंदवायला सांगा. अपग्रेडसाठी त्या सदस्यत्वावर साठलेले माइल्स, म्हणजे प्रवासाचे गुण, वळते झाले असतील, तर ते खात्यात परत जमा झाले का, हेही तपासा.