दिव्यांग महिलांचे बचत गट

शारीरिक, दृष्टी, श्रवण किंवा अन्य दिव्यांगत्व असलेल्या महिलांनी एकत्र येऊन ठरावीक रक्कम नियमित जमा करायची, त्या रकमेतून आपसांत कर्ज द्यायचे-घ्यायचे आणि पुढे गटाच्या नावावर बँकेकडून कर्ज मिळवायचे, अशी ही पद्धत आहे. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा कार्यक्रम 1992 पासून सुरू आहे. दिव्यांगांचे वेगळे गट मोठ्या प्रमाणावर बांधण्याचे काम मात्र त्यानंतर, विशेषतः अविभाजित आंध्र प्रदेशातील ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमात झाले. आज ग्रामीण भागात असे गट प्रामुख्याने राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात बसतात. महाराष्ट्रात हे अभियान ‘उमेद’ या नावाने 2011 पासून चालते. या नोंदीत त्याच चौकटीतील गटाचा विचार केला आहे.

पाचाचा नियम

नेहमीच्या महिला गटात दहा ते वीस सदस्या लागतात. दिव्यांगांच्या गटासाठी किमान संख्या पाच आहे आणि त्यात पुरुषांनाही घेता येते. गटाची कुठल्याही कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही. ही सवलत गरजेतून आली आहे. एका वाडीत कुबडीवर, खुर्चीत किंवा कुणाच्या हाताला धरून बैठकीला पोहोचू शकतील अशा दहा जणी सहसा सापडत नाहीत. दोन-तीन गावे मिळून दहा जमवल्या तर पहिल्या पावसाळ्यातच हजेरी मोडते.

मग अशा बाईने गावातल्या चालू गटातच का जाऊ नये? जिथे एक-दोनच दिव्यांग महिला आहेत तिथे तेच योग्य आहे. पण सर्वसाधारण गटात ‘ही हप्ता कुठून भरणार’ या एका वाक्यावर तिचे नाव मागे पडते. किंवा नाव तिचे लागते आणि बैठकीला वहिनी येते. बचत तिच्या नावाची, अंगठा तिचा, पण कर्जाचा निर्णय घरच्यांचा, असा हा प्रकार आहे. वेगळ्या गटात तिला स्वतः बसावे आणि बोलावे लागते. म्हणून गावात पाच-सहा जणी असतील तर वेगळा गटच करावा, असे या कामातल्या अनेकांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. ज्यांना करारातली जबाबदारी समजणे अवघड आहे अशा बौद्धिक दिव्यांग मुलींच्या आयांना गटात घेण्याचा रिवाजही आहे. तसे केल्यास सदस्य आई आहे आणि देणेही तिचेच आहे, हे पहिल्याच इतिवृत्तात लिहून ठेवावे.

बैठक आणि पैसे

बैठकीची जागा फिरती ठेवावी असे साधारणपणे शिकवले जाते. इथे मात्र जिला हलणे सर्वांत कठीण तिच्या ओसरीवर बैठक भरवणे हाच उपाय टिकतो. आठवड्याची बैठक ठरवून निम्म्या वेळा चुकवण्यापेक्षा पंधरवड्याची ठरवून एकही न चुकवणे बरे, कारण पुढे बँक वहीतल्या तारखाच पाहणार असते.

पैसे कसे मोजायचे हे पहिल्या दिवशी ठरवावे लागते. गटात दृष्टिहीन सदस्या असेल तर बचत एका नाण्यात बसेल अशी ठेवणे फार सोयीचे पडते. वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे, त्यामुळे ते बोटांना लगेच ओळखू येते. शंभर आणि दोनशेच्या नोटांच्या लांबीत मात्र चारच मिलिमीटरचा फरक आहे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे MANI हे ॲप 2020 पासून मोबाइलवर मिळते. पण बैठकीत सगळ्यांसमोर ताटात एकेक नाणे टाकणे आणि प्रत्येकीने ‘माझे वीस’ असे मोठ्याने म्हणणे याला फोन लागत नाही, आणि जमलेली रक्कम दृष्टिहीन बाईला स्वतःच्या कानाने मोजता येते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी उलटे करावे लागते. त्यांच्यासमोर वही उघडी ठेवून आकड्यावर बोट ठेवायचे, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

हे बारकावे चैनीचे नाहीत. गटातले भांडण बहुतेक वेळा ‘मी दिले होते’ आणि ‘तू दिले नव्हतेस’ यावरूनच होते, आणि जिला दिसत किंवा ऐकू येत नाही तिच्याकडे पुरावा म्हणून फक्त स्वतःचे पासबुक असते. ते त्याच बैठकीत भरून तिच्या हातात द्यावे.

जमलेली बचत पेटीत पडून राहू नये. महिनाभरात तिच्यातून पहिले अंतर्गत कर्ज द्यावे. मग ते औषधासाठी तीनशे रुपये असले तरी चालेल. व्याज गट ठरवतो, महिन्याला शेकडा दोनपर्यंत दर सर्रास आढळतो. बँकेला गटात पैसा फिरतो आणि परत येतो हेच पाहायचे असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि अद्ययावत वह्या या पाच गोष्टींना पंचसूत्री म्हणतात. गट त्यावर उभा राहिला की अभियानाकडून फिरता निधी मिळतो. तो गटाच्या गंगाजळीत, म्हणजे एकूण जमलेल्या निधीत, मिसळतो आणि बँकेच्या कर्जासाठीही धरला जातो.

बँकेत

गटाचे बचत खाते उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची ओळख-कागदपत्रे पुरतात. कर्जाच्या वेळी सर्वच सदस्यांची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात. खरी अडचण तिथेच येते. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या किंवा हात आखडलेल्या महिलेचा ठसा यंत्रावर उमटत नाही आणि सहा जणींचे काम एकीपाशी अडते. त्यामुळे बचतीच्या पहिल्या महिन्यातच प्रत्येकीचे आधार कशाने जुळते, बोटाने, डोळ्याने की चेहऱ्याने, हे तपासून घ्यावे.

सहीचेही तसेच आहे. हात थरथरणाऱ्या बाईची सही दर वेळी वेगळी येते आणि ‘सही जुळत नाही’ म्हणून पैसे काढण्याची पावती परत येते. अशा सदस्येने घासून घासून सही शिकण्यापेक्षा खाते सुरुवातीपासूनच अंगठ्याचे ठेवावे. अंगठाही लावता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, कर्ज यांपैकी काहीही नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना कळवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 13 मध्ये स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँक कर्ज मिळवण्याचा समान हक्क स्पष्ट लिहिला आहे. शाखेत जाताना या दोन्हींची प्रत सोबत न्यावी. तोंडी वादापेक्षा कागद लवकर काम करतो.

अध्यक्ष आणि सचिव निवडताना ‘हिला चालता येते’ एवढ्यावरून निवड होते, ही नेहमीची चूक आहे. मग तीच एकटी बँकेत जाते, आणि वर्षभरात गट तिचा होऊन बसतो. निदान तीन महिन्यांतून एकदा दुसरी सदस्या बरोबर गेली पाहिजे. रिक्षाचे भाडे गटाच्या खर्चात धरावे आणि तसे वहीत लिहावे.

कर्जाचे गणित

सहा जणींचा गट धरू. प्रत्येकीने आठवड्याला वीस रुपये टाकले तर सव्वीस आठवड्यांत 3,120 रुपये जमतात. गट किमान सहा महिने पंचसूत्रीने चालला असेल तर तो पहिल्या कर्जाला पात्र होतो. ते सहा महिने वह्यांवरून मोजतात, खाते उघडल्याच्या तारखेपासून नाही. पहिले कर्ज गंगाजळीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते. फिरता निधी न धरता इथे 3,120 ची सहापट 18,720 येते, म्हणजे गट किमान दीड लाखाला पात्र ठरतो. छोट्या गटाची बचत कमी म्हणून त्याला कर्ज कमी, असे होत नाही. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवायलाही बँकेला परवानगी नाही.

इथवर पाचाचा नियम फायद्याचाच दिसतो. पण दीड लाख, सात टक्के व्याज आणि छत्तीस महिने धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे 4,632 रुपये येतो. सहा जणींत तो प्रत्येकी 772 पडतो. दहा जणींच्या गटात तो 463 असता. आता एका महिन्यात दोघी आजारी पडून भरू शकल्या नाहीत असे समजा. दहाच्या गटात उरलेल्या आठ जणींवर प्रत्येकी 116 रुपये जादा येतात. सहाच्या गटात उरलेल्या चौघींवर 386 येतात, म्हणजे ज्या महिन्यात 772 भरायचे त्या महिन्यात 1,158 भरावे लागतात. दिव्यांग महिलांच्या घरी दवाखान्याचा खर्च अचानक येतो, आणि तो एकाच महिन्यात दोघींकडे येणे मुळीच दुर्मीळ नाही. लहान गट दारातून सहज आत येतो, पण एक धक्का बसला की त्याचे चाक निखळते.

म्हणून मंजूर झालेली सगळी रक्कम लगेच उचलू नये. मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मर्यादा घेतली तर जेवढे काढले तेवढ्यावरच व्याज लागते. दोघींना आधी शेळी किंवा शिलाई यंत्र घ्यायचे असेल तर पन्नास हजार काढावेत आणि बाकी मर्यादा शिल्लक ठेवावी. दोन हप्त्यांइतकी रक्कम अंतर्गत बचतीत न वाटता ठेवणेही गरजेचे आहे. ही रक्कम गटाची स्वतःची असते आणि ती कधी वापरायची हे गट ठरवतो. ग्रामसंघ म्हणजे गावातल्या गटांचा संघ; त्याच्याकडचा जोखीम प्रवणता निधी आजारपणात कामी येतो. पण त्यासाठी गट ग्रामसंघाचा सदस्य असायला हवा, आणि ग्रामसंघाची बैठक पायऱ्या चढून माडीवर भरत असेल तर गटाचे म्हणणे तिथे पोहोचतच नाही.

दुसरी जोखीम वहीत दिसत नाही. दिव्यांग बहिणीच्या नावाने स्वस्त व्याजाचे कर्ज मिळते हे कळले की भाऊ किंवा दीर पैसे उचलतो. सुरुवातीचे हप्ते वेळेवर येतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. ओळखण्याची खूण साधी आहे. बैठकीत तिला तिची शिल्लक विचारायची. जिने कर्ज स्वतः वापरले आहे ती ‘साडेनऊ हजार राहिले, अजून तेरा हप्ते’ असे बघता बघता सांगते. जिचे दुसऱ्याने वापरले ती दाराकडे बघते.