शेवटच्या डाइव्हनंतर इंदूरचं विमान कधी पकडायचं?

अंदमानला निघालेल्या ग्राहकांची एक मागणी ठरलेली असते: परतीच्या दिवशी सकाळी आणखी एक डाइव्ह बसवा, विमान दुपारचं आहे. ही डाइव्ह आम्ही बसवत नाही. त्यामागचं कारण या पत्रकात सांगितलं आहे.

18 मीटर खोलीवर तुमच्यावर 2.8 बार दाब असतो, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ तिप्पट. टाकीतली हवाही त्याच दाबाने फुफ्फुसात येते. द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो त्यात जास्त विरघळतो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजनचा मात्र काहीच उपयोग नसतो, म्हणून तो रक्तात आणि तिथून मांसात, चरबीत, सांध्यांत साठत जातो.

साठण्याचा आणि निघण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. रक्त रुमालासारखं आहे, पटकन भिजतं आणि पटकन वाळतं. ज्या भागांत रक्त कमी फिरतं त्यांची गत गोधडीसारखी: वरून हात लावला तर कोरडी वाटते, पण आतला कापूस ओलाच असतो. वर आल्यावर तासाभरात तुम्हाला ताजंतवानं वाटतं ते रुमालामुळे, विमानात त्रास होतो तो गोधडीमुळे.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. 18 मीटरवर 45 मिनिटांच्या दोन डाइव्ह, मध्ये एक तास विश्रांती. ज्या भागातला जादा नायट्रोजन निम्मा व्हायला 4 तास लागतात, तिथे दुसऱ्या डाइव्हनंतर नेहमीच्या 0.79 बारवर सुमारे 0.3 बार जादा उरतो. एवढं शरीर जमिनीवर सहज झेपवतं. पण विमानाच्या केबिनमध्ये जमिनीसारखा दाब नसतो. तो 2,400 मीटर उंचीच्या डोंगराइतका, म्हणजे 0.75 बारपर्यंत उतरू शकतो. चार तासांनी विमानात बसलात तर त्या भागात अजून 0.94 बार नायट्रोजन आणि बाहेर फक्त 0.75. या फरकाने विरघळलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे धरायला लागतात. हेच 18 तासांनी बसलात तर जादा नायट्रोजन जेमतेम 0.01 बार उरतो. अजिबात डाइव्ह न केलेला शेजारचा प्रवासीही जवळपास त्याच स्थितीत असतो.

म्हणून सर्वमान्य नियम असा: एकच डाइव्ह, तीही वर येताना थांबे घ्यावे न लागणारी, असेल तर किमान 12 तास. दिवसात दोन किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18. आम्ही सरसकट 24 तास धरतो, कारण शेवटची डाइव्ह हमखास उशिरा सुटते. मनगटावरचा कॉम्प्युटर NO FLY दाखवत असेल आणि त्याचा वेळ जास्त असेल, तर त्याचं ऐका. जाताना मात्र हे बंधन नाही. सकाळी विमानातून उतरून दुपारी डाइव्ह केली तरी चालते.

मालवणहून गाडीने परतणाऱ्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. पण हे नियम साधारण 610 मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतात आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. सकाळी डाइव्ह केली असेल तर रात्र किनाऱ्यावर काढा, घाट दुसऱ्या दिवशी चढा.

खोलीवर येणारी नायट्रोजनची गुंगी हा वेगळा प्रकार. ती साधारण 30 मीटरच्या आसपास जाणवू लागते आणि थोडं वर आलं की उतरते. आमच्या प्राथमिक कोर्सची मर्यादा 18 मीटर असल्याने तिची फार काळजी नको. बुडबुड्यांचा त्रास मात्र पाण्याबाहेर आल्यावर सुरू होतो.

बहुतेकांना तो पहिल्या 24 तासांत जाणवतो: खांद्यात किंवा कोपरात खोलवर ठणका, श्रमांच्या मानाने फार जास्त थकवा, कातडीवर जाळीदार चट्टे, मुंग्या, पायात अशक्तपणा, चक्कर, लघवी अडणं. दुखणाऱ्या खांद्याचं खापर बॅगेवर फोडलं जातं आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. विमानात सुरू झालेला ठणका इंदूरला उतरता उतरता कमीही होतो, कारण दाब वाढून बुडबुडे आकसतात. त्यामुळे तो बरा झाला असं धरू नका.

अशा वेळी माणसाला आडवं झोपवा आणि मास्कने 100 टक्के ऑक्सिजन द्या, मिनिटाला 15 लिटर. शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर पाणी पाजा. परत पाण्यात उतरवू नका. वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहत बसू नका. ठणका दबतो आणि निदान लांबतं. 112 लावा आणि रुग्णालयात पहिल्या वाक्यातच सांगा की डाइव्ह केली होती, किती खोल आणि किती वाजता. कॉम्प्युटर सोबत न्या. खरा उपचार हायपरबॅरिक चेंबरमध्ये होतो: नेहमीच्या पद्धतीत 18 मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरुवात करून जवळपास पाच तास, मुख्यतः ऑक्सिजनवर. तिथे न्यायला विमान लागणार असेल, तर ते किती उंचीवरून उडवायचं हे आधी डॉक्टरांना ठरवू द्या.