पुढचा हूक नसलेला दुवा

१९६४ मध्ये जेरोम हॉर्विट्झ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने कर्करोगावरचं औषध म्हणून एक रेणू तयार केला. त्याचा कर्करोगावर काही उपयोग झाला नाही आणि तो मागे पडला. वीस वर्षांनी, एड्सवर काहीच उपाय हाती नसताना, इतर अनेक रेणूंबरोबर तोही तपासला गेला आणि प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्याने एचआयव्हीची वाढ रोखली. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एचआयव्हीवरचं हे पहिलं औषध म्हणजे झिडोव्ह्यूडीन, अर्थात एझेडटी. कर्करोगापुढे हरलेला रेणू इथे का चालला, हे कळण्यासाठी हा विषाणू पेशीत शिरल्यावर काय करतो ते पाहावं लागतं.

आपल्या पेशींत माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे जातो. एचआयव्हीची जनुकं मात्र आरएनएवर लिहिलेली असतात, सुमारे ९,७०० अक्षरांत. पेशीच्या गुणसूत्रात कायमचं घर करायचं तर त्याला आधी या मजकुराची डीएनए प्रत बनवावी लागते. हे काम आपली पेशी त्याला करून देत नाही, म्हणून तो त्यासाठीचं विकर सोबत घेऊनच येतो. तेच रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. असा उलटा प्रवास शक्य आहे, हे हॉवर्ड टेमिन १९६० च्या दशकात सांगत होते तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. १९७० मध्ये टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांना, विषाणूच्या कणांतच हे विकर सापडलं.

त्याची प्रत काढण्याची पद्धत मला नेहमीच थक्क करते. कोऱ्या जागेवर ते लिहायला सुरुवात करू शकत नाही, त्याला आधी एक टोक लागतं. हे टोक म्हणजे विषाणू ज्या पेशीत जन्मला तिथून उचलून आणलेला एक टी-आरएनए रेणू. तो विषाणूच्या आरएनएवर १८ अक्षरांच्या जुळणीने चिकटतो आणि तिथून लेखन सुरू होतं. पण ही जागा मजकुराच्या एका टोकाच्या अगदी जवळ आहे. सुमारे १८० अक्षरं लिहून होतात आणि मूळ प्रत संपते! मग विकराचा दुसरा भाग आतापर्यंत वाचून झालेला आरएनए कापून टाकतो. मोकळा झालेला डीएनएचा तुकडा मजकुराच्या दुसऱ्या टोकावर उडी मारतो. दोन्ही टोकांना सारखाच मजकूर असल्यामुळे तो तिथेही जुळतो आणि उरलेलं लेखन पुढे चालू होतं. पुढे डीएनएचा दुसरा धागा तयार होताना अशीच आणखी एक उडी घ्यावी लागते. पूर्ण झालेली दुहेरी प्रत मग इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर आपल्या गुणसूत्रात शिवून टाकतं. त्यानंतर पेशी त्या प्रतीला स्वतःचाच मजकूर समजून तिच्यावरून नवे विषाणू घडवत राहते.

आता एझेडटीकडे येऊ. डीएनए म्हणजे दुव्यांची साखळी. प्रत्येक दुव्याला मागच्या दुव्याला जोडणारं एक टोक असतं आणि पुढच्या दुव्यासाठी एक हूक. हा हूक म्हणजे दुव्यातल्या शर्करेवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा छोटासा गट. एझेडटी हुबेहूब थायमिडीन या दुव्यासारखं दिसतं, फक्त हुकाच्या जागी नायट्रोजनचे तीन अणू आहेत. आपली पेशी त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट जोडते, म्हणजे औषध धारदार करण्याचं काम आपणच करतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हा दुवा खरा समजून साखळीत बसवतं. पुढचा दुवा अडकवायला जागाच नसते. लेखन तिथे थांबतं.

आपल्या केंद्रकातलं डीएनए लिहिणारं मुख्य विकर या नकली दुव्याला सहजी फसत नाही. विषाणूचं विकर त्याला सुमारे शंभर पट जास्त बळी पडतं. या फरकातच औषधाची सुरक्षितता आहे, पण तो सर्वत्र सारखा नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं डीएनए लिहिणारं विकर या गटातल्या काही औषधांना बऱ्यापैकी फसतं. स्टॅव्ह्यूडीनसारख्या जुन्या औषधांनी रुग्णांच्या पायांत मुंग्या आणि जळजळ व्हायची, ती मुख्यतः यामुळे.

एकट्या एझेडटीचा परिणाम काही महिन्यांत ओसरू लागे. त्याचं कारणही याच विकरात आहे. ते लिहिलेलं पुन्हा तपासत नाही. साधारण ३०,००० अक्षरांमागे त्याची एक चूक होते, म्हणजे ९,७०० अक्षरांच्या दर तीन प्रतींत एक. उपचार नसलेल्या शरीरात रोज कोट्यवधी पेशी नव्याने बाधित होतात, तेव्हा चुका लाखोंनी होतात. आणि एका अक्षराचे शक्य बदल मोजले तर जेमतेम २९,०००. म्हणजे शक्य असलेला प्रत्येक बदल कुठे ना कुठे रोज घडत असतो. औषध सुरू होण्याच्या आधीच त्याला चुकवणारे विषाणू तिथे असतात.

एझेडटीला चुकवण्याची युक्ती तर विलक्षण आहे. विकर ज्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनतं तिच्या २१५ व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी टायरोसीन आलं आणि त्याच्या जोडीला आणखी काही बदल जमले, की पेशीतला एटीपी हा रेणू तिथे नीट टेकतो. त्याच्या मदतीने विकर आधीच बसलेलं एझेडटी उपटून काढतं आणि साखळी मोकळी होते. लॅमिव्ह्यूडीन या दुसऱ्या औषधाविरुद्ध विषाणू वेगळी वाट धरतो. १८४ व्या स्थानी मेथिओनीनऐवजी व्हॅलीन येतं आणि त्या रेणूला आत शिरायलाच अडसर होतो. एकच अक्षर बदलून हे होतं, त्यामुळे एकटं लॅमिव्ह्यूडीन दिलं तर काही आठवड्यांतच असे विषाणू वरचढ होतात.

मग दोन्ही एकत्र का द्यायची? कारण १८४ चा हाच बदल एझेडटी उपटण्याची विकराची ताकद कमी करतो. एका औषधातून सुटण्याची वाट दुसऱ्याच्या तावडीकडे नेते. त्यात तिसरं औषध घातलं की तिघांनाही चुकवणारे बदल एकाच प्रतीत आयते जमून येणं जवळजवळ अशक्य होतं. हे तिसरं औषध विकराला वेगळ्या जागी पकडणारं असलं तर उत्तमच. उदाहरणार्थ, नेव्हिरापीन नकली दुवा नाही. ते लेखनाच्या जागेशेजारच्या एका खोबणीत रुतून विकराचा आकारच आखडून टाकतं. १९९६ पासून तीन औषधांचे उपचार रुळले आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने घटलं.

पण ही सगळी औषधं लेखन थांबवतात, लिहून झालेलं पुसत नाहीत. गुणसूत्रात शिवलेली प्रत त्यांच्या आवाक्याबाहेर असते. काही बाधित पेशी वर्षानुवर्षं सुप्त राहतात. औषध बंद केलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसतो, तो त्यांच्यातून.

डॉक्टरांसाठी यातून एक फसवी अवस्था निर्माण होते. औषध निकामी ठरल्यावर रक्तातल्या विषाणूचं जनुक वाचून १८४ सारखे बदल शोधता येतात. पण रुग्णाने मध्ये उपचार सोडले असतील, तर बदल नसलेले मूळ विषाणू जोमाने वाढून बाकीच्यांना मागे सारतात आणि चाचणीत बदल दिसतच नाही. नेहमीच्या चाचण्यांना साधारण एक पंचमांशाहून कमी प्रमाणातले विषाणू सहसा सापडत नाहीत. १८४ वर व्हॅलीन असलेली प्रत मात्र एखाद्या सुप्त पेशीच्या गुणसूत्रात शाबूत असते आणि लॅमिव्ह्यूडीन पुन्हा सुरू झालं की तीच वर येऊ शकते. म्हणून जाणकार डॉक्टर नव्या अहवालाबरोबर रुग्णाने पूर्वी कोणती औषधं घेतली आणि ती केव्हा निकामी ठरली, हेही विचारतात.