लोकप्रियतेचा दाखला व निसर्गाचा दाखला (आरोग्य व समाजविषयक निबंधांतील दुर्बल आधार)

एखादे मत किंवा आचरण पुष्कळ लोक मानतात, म्हणून ते खरे वा हितकर आहे असे म्हणणे म्हणजे लोकप्रियतेचा दाखला. एखादी गोष्ट निसर्गातून आली किंवा निसर्गक्रमाला धरून आहे, म्हणून ती निर्धोक वा योग्य आहे असे म्हणणे म्हणजे निसर्गाचा दाखला. दोन्हींची गणना तर्कदोषांत होते. आहार, औषध, विवाह, शिक्षण अशा विषयांवरील निबंधांत ते बहुधा जोडीने येतात. नागपूर व पूर्व विदर्भात लाखोळी डाळीच्या बंदीवर झालेले लेखन हे याचे चांगले उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत त्याचा विस्ताराने विचार केला आहे.

लोकप्रियतेच्या दाखल्याचा उगम वादग्रस्त आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके त्याला ‘आर्ग्युमेंटम अॅड पॉप्युलम’ म्हणतात व ही परंपरा पुष्कळदा इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकपर्यंत नेतात. मात्र लॉकच्या मानवी आकलनावरील ग्रंथात (१६८९ अखेर प्रसिद्ध, मुखपृष्ठावर १६९०) अशा युक्तिवादांचे चारच प्रकार आहेत व त्यांत हा नाही. आयझॅक वॉट्सच्या तर्कशास्त्रावरील पुस्तकात (सु. १७२५) हे नाव आढळते, पण तेथे त्याचा रोख डोकी मोजण्यावर नाही. श्रोत्यांच्या भावनांना हात घालणारा युक्तिवाद जाहीरपणे जमावापुढे केला, तर वॉट्स त्याला हे नाव देतो. ‘बहुसंख्य मानतात म्हणून खरे’ हा आजचा अर्थ पुढे त्यावर चढला. दोन्ही अर्थ एकच मानण्याची पाठ्यपुस्तकांची प्रथा आहे, परंतु ते वेगळे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. जमावाला चेतवणारे भाषण आणि शांतपणे संख्या पुढे करणारा निबंध यांतील दोष सारखे नाहीत, आणि ते ओळखण्याची रीतही एक नाही.

अॅरिस्टॉटलने सर्वांना, बहुसंख्यांना किंवा जाणत्यांना मान्य असलेली मते ही चर्चेचा प्रारंभबिंदू म्हणून ग्राह्य धरली होती, ही गोष्ट दोषांच्या याद्यांत सहसा गाळली जाते. चर्चा अशा मतापासून सुरू होऊ शकते, तिचा निकाल मात्र त्यावर लागत नाही. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ आणि ‘गतानुगतिको लोकः’ ही दोन्ही वचने प्रचलित आहेत. त्यांतील कोणते कोठे लागू पडते हे विषयावरून ठरते.

न्यायदर्शनात या दोषांना स्वतंत्र नावे नाहीत. तरीही न्यायसूत्रांतील (काल अनिश्चित, बहुतेक अभ्यासक इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत मानतात) पाच हेत्वाभासांपैकी, म्हणजे खऱ्या कारणासारख्या भासणाऱ्या सदोष कारणांपैकी, ‘सव्यभिचार’ हा प्रकार येथे नेमका बसतो. हेतू म्हणजे दिलेले कारण, साध्य म्हणजे सिद्ध करायची गोष्ट. हेतू साध्याबरोबर आढळतो, तसा साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, म्हणून तो काहीच सिद्ध करीत नाही. ‘नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक’ या अनुमानातील ‘नैसर्गिक असणे’ हा हेतू पालकात आहे आणि धोतऱ्यातही आहे.

निसर्गाच्या दाखल्याची सर्वांत सविस्तर चिकित्सा जॉन स्टुअर्ट मिलच्या निसर्गविषयक निबंधात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये छापला गेला. मिलच्या मते ‘निसर्ग’ म्हणजे जगात घडणारे सर्व काही, असे मानले तर माणसाचे प्रत्येक कृत्य नैसर्गिक ठरते आणि ‘निसर्गाप्रमाणे वागा’ या उपदेशाला अर्थ उरत नाही. माणसाच्या हस्तक्षेपावाचून जे घडते तेवढाच निसर्ग मानला, तर शेती, औषधोपचार व विहीर खणणे हे सर्व निसर्गाविरुद्ध ठरते. जी. ई. मूरने १९०३ मध्ये मांडलेला ‘निसर्गवादी दोष’ याहून वेगळा आहे. तो ‘चांगले’ या संकल्पनेची व्याख्या एखाद्या नैसर्गिक गुणधर्मात करण्याविषयी आहे. मराठी लेखनात दोहोंची सरमिसळ फार होते.

लाखोळीचा वाद : लाखोळी (लाख, खेसारी, तिवडा, शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटायव्हस) हे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील जुने कडधान्य आहे. धान उभे असतानाच बांधीच्या, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेताच्या, ओलीत बी फेकतात आणि मशागतीवाचून, पाण्यावाचून ते वाढते. कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि दाण्याची डाळ. या दाण्यात बीटा-ओडॅप हे चेताविषारी अमिनो आम्ल असते. ते १९६४ मध्ये वेगळे करण्यात आले व त्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा प्रमुख वाटा होता. त्याने होणाऱ्या कलायखंजात (लॅथिरिझम) पोटऱ्या ताठरतात, रोगी चवड्यांवर, पायात पाय अडकवत चालतो आणि गेलेली ताकद परत येत नाही. बुद्धी व स्पर्शज्ञान मात्र शाबूत राहते. सागर-नर्मदा प्रदेशात १८३० च्या सुमारास गव्हाचे पीक लागोपाठ बुडाले, लोकांनी तिवड्यावर दिवस काढले आणि पुढे अनेक तरुणांचे पाय निकामी झाले, असे ब्रिटिश अधिकारी स्लीमनने १८४४ च्या प्रवासवर्णनात नोंदले आहे. हाच प्रदेश १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला.

लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये अन्नभेसळ कायद्याखाली बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरचे शांतीलाल कोठारी यांनी दीर्घकाळ उपोषणे व पाठपुरावा केला. महाराष्ट्राने २००८ मध्ये राज्यापुरती बंदी मागे घेतली. या काळातील लेखनात बंदीविरोधी बाजूचा नमुनेदार परिच्छेद असा असे : ‘आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लाखो लोक लाखोळी खात आले व धडधाकट राहिले. हे निसर्गाने दिलेले, खताफवारणीशिवाय येणारे धान्य आहे. म्हणून ते निर्धोक आहे.’

यातील पहिले वाक्य बहुतांशी खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. मिश्र आहारातून लाखोळी खाणाऱ्या बहुसंख्यांना हा रोग होत नाही. साथीच्या वेळीही खाणाऱ्यांतील थोड्यांनाच तो जडतो. धोका ठरतो तो आहारातील वाट्यावर. साधारण एक तृतीयांशाहून अधिक अन्न लाखोळीचे असेल आणि ते दोन-तीन महिने वा अधिक काळ चालले, तर रोग दिसू लागतो. दिवसाला ३० ग्रॅम डाळ वरणात गेली, तर तिच्यातून सुमारे १०० किलोकॅलरी मिळतात. २,००० किलोकॅलरींच्या आहारात हा वाटा ५ टक्के होतो. दुष्काळात तांदूळ कमी पडून दिवसाला ३०० ग्रॅम लाखोळी खावी लागली, तर तेवढ्याच किलोकॅलरींच्या आहारात वाटा ५० टक्क्यांवर जातो. ‘लाखो लोक’ हा आकडा पहिल्या स्थितीतला आहे. रोग दुसऱ्या स्थितीतला. खाणारे कितीही वाढवले तरी पहिली संख्या दुसरीविषयी काही सांगत नाही. शिवाय अशा मोजणीत एक गाळणी आपोआप लागते. जो अपंग झाला तो शेतात, बाजारात वा लेखकाच्या ओळखीत क्वचितच असतो. मध्य प्रदेशातील रेवा भागात लाखोळी मजुरीच्या रूपाने मिळणारे वेठमजूर रोगाला अधिक बळी पडले, आणि अशांची साक्ष निबंधात येत नाही.

दुसऱ्या वाक्यातील अडचण अधिक खोल आहे. बीटा-ओडॅप कोणी डाळीत मिसळत नाही, ते रोपटे स्वतःच बनवते. ते कमी होते ते माणसाच्या हस्तक्षेपाने. दाणे भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले, तर पाण्यात विरघळणाऱ्या या द्रव्याचा मोठा भाग निघून जातो. भिजवलेले पाणी वरणातच ठेवले तर तो लाभ मिळत नाही. रतन, प्रतीक, महातिवडा या सुधारित वाणांत त्याचे प्रमाण साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणले गेले आहे, तर जुन्या स्थानिक वाणांत ते याच्या कितीतरी पट असू शकते. म्हणजे ज्या लाखोळीच्या बाजूने सर्वाधिक बोलता येते ती निवड-पैदाशीने घडवलेली आहे, आणि निसर्गाचा दाखला नेमका तिच्याच विरुद्ध जातो.

बंदीसमर्थक लेखनही या दोषांतून सुटलेले नाही. ‘इतक्या राज्यांनी बंदी घातली ती उगाच नाही’ हे वाक्य लोकांऐवजी सरकारे मोजते, एवढाच फरक. मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल यांसारख्या राज्यांत बंदी अमलात नव्हती हेही त्यात दडते. बंदीच्या बाजूचा सबळ मुद्दा वेगळाच होता : स्वस्त लाखोळी तूरडाळीत व बेसनात मिसळली जाते, त्यामुळे खाणाऱ्याला आपल्या आहारातला तिचा वाटा कळतच नाही. वाट्यावरच धोका ठरत असेल, तर हा आक्षेप थेट वर्मी लागतो.

बंदीविरोधी बाजूचा तो परिच्छेद दुरुस्त करता येतो. ‘लाखो लोक खातात’च्या जागी कोण, दिवसाला किती, किती महिने आणि सोबत कोणते धान्य हे लिहावे लागते, ‘निसर्गाने दिलेले’च्या जागी वाण व शिजवण्याची रीत. तसे केल्यावर निष्कर्षही आपोआप आक्रसतो. ‘लाखोळी निर्धोक आहे’ हे विधान टिकत नाही. ‘कमी ओडॅपच्या वाणाची, पाणी फेकून शिजवलेली लाखोळी इतर डाळींच्या जोडीला खाण्यास हरकत नाही’ हे टिकते. दुर्बल आधार ओळखण्याची खूण हीच म्हणता येईल : तो काढून त्याजागी खरा आधार ठेवला की निष्कर्षाचा आकार बदलतो.

दाखला कोठे ग्राह्य : लोकमान्यता हाच प्रश्नाचा विषय असेल, तर संख्या हा सरळ पुरावा ठरतो. एखादा शब्द प्रचारात आहे का, रस्त्यावर कोणत्या बाजूने चालण्याचा संकेत आहे, उमेदवार निवडून आला का, हे बहुसंख्येवरच ठरते. दीर्घकाळच्या व्यापक वापरावरून तातडीचे, ढोबळ विषारीपण बहुधा नाही एवढेही अनुमान निघते. सावकाश व थोड्यांनाच होणाऱ्या अपायाविषयी मात्र ते मूक असते.

समाजविषयक लेखनात : येथे मोजमाप नसल्याने दोष हुडकणे कठीण जाते. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा गुन्हा मानला होता. २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवताना संबंधित व्यक्तींची संख्या अत्यल्प असल्याचा उल्लेख केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांपुरते हे कलम रद्दबातल ठरवले आणि बहुसंख्यांच्या नीतीपेक्षा संविधानिक नीतीला प्राधान्य दिले. या निकालाचे समर्थन करताना ‘प्राण्यांतही समलिंगी वर्तन आढळते’ हा मुद्दा निबंधांत आवर्जून येतो. ‘हे निसर्गात आढळतच नाही’ या दाव्याचे खंडन म्हणून तो उपयोगी आहे. त्याला हक्काचा आधार केले, तर मात्र निसर्गाचाच दाखला उलट बाजूने दिला जातो, कारण प्राण्यांत पिल्ले मारून खाणेही आढळते. न्यायालयाच्या निर्णयाचा भार समता, प्रतिष्ठा व खासगीपणाच्या हक्कांवर होता, आणि निबंधानेही तो तेथेच ठेवणे इष्ट.