सरासरी फरक आणि हँडिकॅप रेषा: कबड्डीत दोन्ही एकच नव्हेत

‘अ संघ सरासरी 9 गुणांनी सरस आहे, म्हणून हँडिकॅप 9 चा.’ हे वाक्य ऐकायला बिनचूक वाटतं. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. सरासरी फरक म्हणजे हाच सामना पुन्हा पुन्हा खेळवला तर मिळणाऱ्या गुणफरकांची सरासरी. हँडिकॅप रेषा म्हणजे पैज लावताना सरस संघाच्या गुणांतून वजा करायचा आकडा. दोन्ही बाजूंचा भाव सारखा असेल, तर निम्मे निकाल जिच्या वर आणि निम्मे खाली पडतात तीच रेषा योग्य. (भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत. इथे रस आहे तो फक्त गणितात.)

आधी सरासरी फरक काढू. आकडे कल्पित आहेत. लीगमध्ये एक संघ सामन्याला सरासरी 19 चढाईचे आणि 10 पकडीचे गुण मिळवतो असं धरू. अ संघ चढाईत 21 मिळवतो आणि 18 देतो. ब संघ 18 मिळवतो आणि 20 देतो. अ चे अपेक्षित चढाई गुण म्हणजे त्याने मिळवलेले 21, अधिक ब देतो ते 20, वजा लीगची सरासरी 19, म्हणजे 22. याच रीतीने ब चे 17.

पकडीत मात्र बरेच जण फसतात. पकडीचा गुण म्हणजे समोरच्याची फसलेली चढाई, त्यामुळे तो एकट्या बचावफळीच्या नावावर लिहून चालत नाही. अ च्या पकडी 11, ब चे चढाईपटू पकडले जाऊन देतात तेही 11, वजा 10, म्हणजे 12. ब च्या पकडी 9 आणि अ देतो ते 10, म्हणून ब ला 9. लोणाचे जादा गुण अ ला 3 आणि ब ला 2 धरले, तर बेरीज 37 विरुद्ध 28. फरक 9. नुसती स्वतःची सरासरी पाहिली असती तर तो 6 वरच थांबला असता.

आता राखीव फळी. अ चा मुख्य चढाईपटू जखमी झाला. तो सामन्यात 18 चढाया करतो आणि चढाईमागे अर्धा गुण, म्हणजे 9 गुण आणतो. म्हणून 9 गुण वजा करायचे का? नाही. त्या चढाया दुसरा कुणीतरी करणारच. तो चढाईमागे 0.35 आणत असेल तर त्याचे साधारण 6 होतात, म्हणजे तोटा तीनेक गुणांचा. शिवाय तो जास्त वेळा पकडला जातो, आणि गुण येत नसल्याने बाद खेळाडू उशिरा परततात, त्यामुळे लोण चढण्याचा धोका वाढतो. संघाची खोली मोजायची ती पहिल्या आणि बदली खेळाडूमधल्या या अंतरावरून. बाकावर किती नावं आहेत त्यावरून नव्हे.

मुख्य चढाईपटू तंदुरुस्त आहे असं धरून 9 वर परत येऊ. दहा संभाव्य निकालांत अ ची आघाडी अशी: -6, -2, 1, 4, 6, 8, 11, 15, 22, 31. बेरीज 90, सरासरी 9. पण 9 च्या वर फक्त चारच निकाल आहेत. निम्म्याची सीमा 6 आणि 8 च्या मध्ये, म्हणजे 7 वर पडते. फरक पडतो तो 22 आणि 31 मुळे. एक लोण चढला की दुसरा चढायला वेळ लागत नाही, आणि असे एकतर्फी सामने सरासरी वर ओढतात. उलट बाजूने, शेवटच्या मिनिटांत आघाडीवरचा संघ 30 सेकंद पुरते वापरून रिकाम्या चढाया करतो. तिसरी चढाई ‘डू ऑर डाय’ होईपर्यंत त्याला घाई नसते. म्हणून मध्यम विजय वाढत नाहीत.

प्रो कबड्डीत 7 च्या आकड्याला आणखी एका कारणाने महत्त्व होतं. सिझन 11 पर्यंत 7 किंवा कमी गुणांनी हरलेल्या संघाला गुणतक्त्यात 1 गुण मिळे. 8 ने मागे असलेला संघ शेवटच्या चढाईपर्यंत तो एक गुण काढायला झटायचा. त्यामुळे त्या काळात 6.5 आणि 7.5 या रेषांना सारखं मानणं धाडसाचं होतं. नियम बदलल्यावर जुन्या सिझनमधली 7 च्या आसपासच्या निकालांची ही गर्दी नव्या हिशेबात तशीच ओढू नये.

भाव ही तिसरी गोष्ट, म्हणजे जिंकल्यास एका रुपयामागे हातात येणारी एकूण रक्कम. रेषा 7.5 वर असेल तर दोन्ही बाजूंची शक्यता 50 टक्के, न्याय्य भाव 2.00. बुकी 1.90 देतो, दोन्ही बाजूंसाठी 1 भागिले 1.90 करून बेरीज केली की 105.26 टक्के होतात आणि वरच्या सव्वापाच टक्क्यांतून त्याची कमाई होते. रेषा 9 वरच ठेवायची असेल तरी चालतं, पण मग अ चा न्याय्य भाव 2.50 आणि ब चा साधारण 1.67 हवा. 9 ची रेषा आणि 1.90 चा भाव ही जोडी मात्र अ घेणाऱ्यावर अन्याय करते.

अशी चूक जुन्या नोंदींत शोधता येते. सरस संघाने किती वेळा रेषा ओलांडली ते मोजा. शंभर-दोनशे सामन्यांत ते प्रमाण सातत्याने 40 टक्क्यांच्या आसपास राहिलं, तर रेषेच्या जागी सरासरी बसलेली असण्याची शक्यता मोठी. तीस सामन्यांवर हा निष्कर्ष काढू नये. तिथे नऊ-दहा टक्क्यांचं वरखाली निव्वळ योगायोगानेही होतं.