राजीनाम्याचं पत्र आणि नोटीस पीरियडचा हिशेब: सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत जाताना

राजीनाम्याचं पत्र चार ओळींचं असतं, पण त्यातली एक ओळ मोजूनमापून लिहावी लागते. ती म्हणजे शेवटच्या कामाच्या दिवसाची. बाकी मजकूर थोडाफार इकडेतिकडे झाला तरी चालतो. तारीख चुकली की नव्या कंपनीची जॉइनिंग डेट अडचणीत येते.

सगळ्यात आधी नव्या कंपनीचं ऑफर लेटर लेखी हातात हवं. एचआरने फोनवर 'तुमचं सिलेक्शन झालंय' सांगितलं म्हणून राजीनामा टाकू नये. पत्रात पगार, पद, जॉइनिंगची तारीख आणि कोणत्या अटींवर ऑफर मागे घेता येते, हे वाचून घ्या.

मग जुनं अपॉइंटमेंट लेटर काढा. प्रोबेशनवर असाल तर नोटीस बहुधा कमी असते; कन्फर्मेशननंतर अनेक सर्व्हिस कंपन्यांत ती ९० दिवसांची होते. प्रमोशनच्या किंवा पगारवाढीच्या पत्रातही नोटीसची अट बदललेली असू शकते, आणि ती पत्रं आपण सहसा पगाराचा आकडा पाहून बाजूला ठेवतो. ट्रेनिंग बाँड असेल तर त्याची मुदत कधी संपते तेही पाहा.

आता मोजणी. समजा ३ जूनला राजीनामा दिला. ९० दिवस त्याच दिवसापासून मोजले तर शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट येतो. दुसऱ्या दिवसापासून मोजले तर १ सप्टेंबर. आणि पत्रात 'नव्वद दिवस' ऐवजी 'तीन महिने' लिहिलं असेल तर २ सप्टेंबर. नवी कंपनी १ सप्टेंबरला बोलावत असेल, तर या एकदोन दिवसांनी दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात. पीएफच्या नोंदीत सोडल्याची आणि लागल्याची तारीख शेजारी शेजारी दिसते आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये त्यावर प्रश्न येतो. म्हणून कंपनी मोजणी कशी करते, हे राजीनामा देण्याआधी पॉलिसीत शोधा. नवी कंपनी जॉइनिंग चारपाच दिवस पुढे ढकलायला तयार असेल, तर तेच बरं.

नोटीस बहुतेक ठिकाणी पोर्टलवर राजीनामा सबमिट केल्यापासून धरतात. मॅनेजरला तोंडी सांगितलं, 'थांब, आधी बोलू' असं उत्तर आलं आणि दोन आठवडे गेले, तर ते दिवस तुमचेच गेले. बोलणं जरूर करा, पण पोर्टल आणि मेल त्याच दिवशी.

पत्र असं:

'विषय: राजीनामा

महोदय/महोदया,
मी सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. मला दुसऱ्या संस्थेत माझ्या पुढील कामाला अनुरूप संधी मिळाली आहे. अपॉइंटमेंट लेटरनुसार माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असून, आज ३ जूनपासून मोजता माझा शेवटचा कामाचा दिवस ३१ ऑगस्ट येतो. कृपया ही तारीख लेखी कळवावी. या काळात माझ्या मॉड्यूल्सचं हँडओव्हर मी पूर्ण करेन. इथे शिकायला मिळालं, त्याबद्दल आभार.'

नव्या कंपनीचं नाव, पगार किंवा इथल्या प्रोजेक्टबद्दलची तक्रार यात घालू नका. हे पत्र तुमच्या फाइलमध्ये राहतं. पत्र प्रत्यक्षात इंग्रजीत पाठवलं तरी रचना हीच ठेवा.

लवकर सुटायचं असेल तर बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून सुटणं, विचारावं लागतं. वरच्याच उदाहरणात ३१ जुलैला निघालात तर ५९ दिवस भरतात आणि ३१ दिवस कमी पडतात. बेसिक महिना ३०,००० आणि ग्रॉस ७५,००० असेल, तर महिना ३० दिवसांचा धरून बेसिकवर ३१,००० रुपये कापले जातील, ग्रॉसवर ७७,५००. कशावर कापायचे, ते तुमच्या पत्रातली अट ठरवते. बायआउट द्यायचाच की नाही, हा निर्णयही अनेक पत्रांत कंपनीच्या मर्जीवर ठेवलेला असतो. म्हणून पैसे भरायची तयारी आहे एवढ्यावर नव्या कंपनीला लवकरची तारीख कबूल करू नका. नवी कंपनी ही रक्कम भरून देणार असेल, तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

नोटीसमध्ये रजा घेतली तर बऱ्याच कंपन्या शेवटची तारीख तेवढीच पुढे नेतात. लग्नकार्य, प्रवास असलं काही ठरलेलं असेल तर आधीच विचारा.

शेवटच्या आठवड्यात ऑफिसचा मेल बंद होण्याआधी राजीनाम्याची, तो स्वीकारल्याच्या मेलची आणि सॅलरी स्लिपची प्रत आपल्याजवळ ठेवा. प्रोजेक्टचा कोड किंवा कागद मात्र त्यात येता कामा नये. लॅपटॉप परत केल्याची पावती घ्या. रिलीव्हिंग लेटर बहुतेक ठिकाणी सगळी क्लिअरन्स झाल्यावरच निघतं. ते हातात आलं की त्यावरची तारीख राजीनामा स्वीकारल्याच्या मेलशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर त्याच दिवशी एचआरला लेखी कळवा.