जर्मनीत नर्सिंगचं ट्रेनिंग की जपानमध्ये केअरगिव्हर: भाषेची कोणती लेव्हल, कोणतं सर्टिफिकेट?

दादर-ठाण्याच्या क्लासमध्ये चौकशीला गेलं की आधी विचारतात, "कुठपर्यंत करायचंय?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, मग क्लासवालेच सांगतील ती लेव्हल धरली जाते. खरं तर ही लेव्हल दोघं ठरवतात: त्या देशाचा व्हिसाचा कायदा आणि तुम्हाला घेणारी संस्था. या दोघांची मागणी वेगळी असू शकते, आणि घोटाळा तिथेच होतो. बारावीनंतरही ज्यात शिरता येतं आणि दोन्ही देश ज्यासाठी माणसं शोधत आहेत असं काम म्हणजे रुग्ण आणि वृद्धांची देखभाल. म्हणून तेच उदाहरण घेऊन बघू.

जर्मनी: कायदा बी-१ म्हणतो, शाळा बी-२ मागते

जर्मनीत नर्स होण्यासाठीचं प्रशिक्षण, म्हणजे आउसबिल्डुंग, तीन वर्षांचं असतं. त्यात हॉस्पिटलचं काम आणि शाळा असं दोन्ही चालतं आणि पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. व्हिसाच्या कायद्यात या प्रशिक्षणासाठी साधारणपणे बी-१ लागते, म्हणजे ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतली तिसरी. संस्थेने स्वतः भाषा तपासली असेल किंवा आधी भाषेचा कोर्स ठेवला असेल, तर त्यात सवलत आहे. एजंट "ए-२ वर पाठवतो" म्हणतात ते या सवलतीच्या जोरावर. पण ती सवलत संस्थेच्या पत्रात लिहिलेली हवी. पत्रात ओळ नसेल तर ए-२ वर भरवसा ठेवू नका.

उलट बाजूने, नर्सिंगच्या बऱ्याच शाळा बी-२ मागतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. ड्यूटी बदलताना रुग्णाचा अहवाल तोंडी द्यायचा, औषधाची नोंद लिहायची, वर शरीरशास्त्राचे पेपर जर्मनमध्ये सोडवायचे. बी-१ वर गेलेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीत वर्गातच मागे पडतो. म्हणून करारावर सही करण्याआधी ईमेलवर दोन प्रश्न विचारून घ्या: व्हिसासाठी कोणती लेव्हल दाखवायची, आणि ट्रेनिंग सुरू होताना कोणती हातात हवी?

ज्यांचं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय त्यांनी आउसबिल्डुंगच्या फंदात पडू नये. त्यांचा रस्ता डिप्लोमा किंवा पदवीला मान्यता मिळवण्याचा आहे, आणि तिथे नर्सचा परवाना मिळायला बी-२ लागते.

आता वेळेचं गणित. समजा, डोंबिवलीची एक मुलगी बारावी झालीय आणि तिची बॅच १ ऑक्टोबरला सुरू होणार आहे. व्हिसाला लागणारे महिने धरले तर तिच्याकडे मे महिन्यापर्यंत सर्टिफिकेट हवं. शून्यापासून बी-१ पर्यंत साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ पर्यंत ६०० ते ८००. तासिका ४५ मिनिटांची. ती शनिवार-रविवार दोन-दोन तास क्लासला गेली तर आठवड्याला जेमतेम पाच तासिका होतात, वर्षाला २५० च्या आसपास. म्हणजे वर्षभर एकही रविवार न चुकवता ती ए-२ पाशीच असेल. तेच रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस केले तर आठवड्याला वीस तासिका होतात आणि चार ते आठ महिन्यांत बी-१ येते. वीकेंड बॅच घेऊन पुढच्या ऑक्टोबरची स्वप्नं बघू नयेत.

सर्टिफिकेट कोणाचं, हाही प्रश्न आहे. क्लास संपल्यावर मिळणारा हजेरीचा कागद व्हिसासाठी चालत नाही, मग क्लास कितीही नावाजलेला असो. परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं: गोएथे, टेल्क किंवा ओएसडी यांचं. मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात गोएथेची परीक्षा होते. नोंदणी ऑनलाइन असते आणि जागा लवकर भरतात, म्हणून तारखेवर आधीपासून नजर ठेवा.

गोएथेच्या परीक्षेत बी-१ पासून पुढे वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि प्रत्येकात ६० हवेतच. त्या मुलीला वाचनात ७१, ऐकण्यात ५८, लेखनात ६६ आणि बोलण्यात ८० मिळाले, तर सरासरी ६८ च्या वर जाऊनही ऐकण्याचा भाग राहिला. पण पुन्हा तेवढाच भाग देता येतो. म्हणून पहिली परीक्षा मेच्या तोंडावर न देता फेब्रुवारीत द्यावी, म्हणजे राहिलेला भाग सोडवायला वेळ मिळतो.

जपान: एन-४ पुरत नाही

जपानमध्ये 'तोकुतेई गिनो' या व्हिसावर वृद्धांच्या देखभालीचं काम मिळतं. हे ट्रेनिंग नाही, थेट नोकरी आहे. पहिल्या प्रकारच्या या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक, या जपानीच्या दोन परीक्षांपैकी एक चालते. जेएलपीटीच्या पायऱ्या एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जातात. देखभालीच्या क्षेत्रात त्याशिवाय कामाच्या कौशल्याची परीक्षा आणि देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ही दुसरी छोटी आहे, अर्ध्या तासात १५ प्रश्न, पण 'कूस बदलणे', 'गिळायला त्रास होणे' असले शब्द एन-४ च्या पुस्तकात नसतात. एन-४ झाली म्हणून निवांत बसणारे इथे अडकतात.

एन-४ की जेएफटी? जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. डिसेंबरचा निकाल जानेवारीच्या शेवटी लागतो, प्रमाणपत्र त्याच्याही नंतर येतं. जेएफटी कॉम्प्युटरवर होते, वर्षभरात अनेकदा होते आणि २५० पैकी २०० झाले की पास, हे त्याच दिवशी स्क्रीनवर दिसतं. नोकरीची मुलाखत तोंडावर असेल तर जेएफटी सोयीची. पुढे ऑफिसच्या कामाकडे वळायचं असेल तर जेएलपीटीचीच पायरी धरा, कारण अशा नोकऱ्यांत कंपन्या बहुतेक एन-२ विचारतात.

जेएलपीटीतही एक खाचखळगा आहे. एन-४ ला १८० पैकी ९० लागतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ हवेत. वाचन-व्याकरणात ८४ आणि ऐकण्यात १७ मिळाले तर बेरीज १०१ होऊनही नापास. आणि राहिलेलाच भाग देण्याची सोय इथे नाही, सगळी परीक्षा नव्याने. शिवाय जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे एन-४ मिळवलेली मुलं मुलाखतीत गप्प होतात. मुलाखतीचा सराव वेगळा करावा लागतो.

कागद

आधी पासपोर्ट, मग परीक्षेचा फॉर्म. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे वेगळे रकाने असतात, आणि वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये असतं, कधी नसतं. परीक्षेच्या फॉर्मवर पासपोर्टमध्ये आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. लग्नानंतर आडनाव बदलायचं ठरत असेल तर ते परीक्षेआधी पासपोर्टवर करून घ्या, नंतर सर्टिफिकेट आणि पासपोर्ट जुळवणं जिकिरीचं होतं.

जर्मनीसाठी व्हिसाच्या वेळी आउसबिल्डुंगचा करार, भाषेचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या मार्कशीट, बायोडेटा आणि खर्च भागेल याचा पुरावा लागतो. पगार पुरेसा असेल तर करारच पुरावा ठरतो. जपानसाठी आधी तिथली संस्था इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र मिळवते, आणि त्यासाठी तुमचे भाषेचे आणि कौशल्याचे निकाल तिला आधी पाठवावे लागतात. म्हणून मुंबईत व्हिसाचा अर्ज करण्याच्या बऱ्याच आधी ते निकाल हातात असायला हवेत.